पुण्याच्या विमानाचा करार

'दुबईची विमानं पुण्यात का उतरत नाहीत? आपली कंपनी पुण्याहून दुबईला उडते, मग त्यांनाच मनाई कशाला?' चुलतभावाने पुण्याहून फोनवर विचारलं.

दुबईत करामामधल्या आमच्या घरी जेवणं चालली होती, म्हणून प्रश्न मी ताटांपुढेच ठेवला. 'लोहगावची धावपट्टी आखूड आहे,' मेहुणा म्हणाला. मोठ्या विमानांपुरतं ते खरं आहे. पण दुबईकडे लहान बोइंग ७३७ही आहेत, आणि तेवढी विमानं पुण्यात रोज उतरतात.

एका विमान कंपनीत वेळापत्रकं आखणारा शेजारी भात कालवत म्हणाला, 'अडतं कागदावर. १९४४च्या शिकागो करारानुसार ज्याची जमीन, त्याचं आकाश. दुसऱ्या देशाची परवानगी नसेल तर नियमित सेवा सुरूच करता येत नाही. म्हणून दोन सरकारं बसून ठरवतात, कुणाची विमानं कुठल्या शहरांत उतरणार आणि आठवड्याला किती जागा विकणार.'

भारताचा दुबईशी स्वतंत्र करार आहे, शारजाशी वेगळा. २०१४पासून दुबईसाठी दोन्ही बाजूंना आठवड्याला साधारण ६५ हजार जागा आहेत. दुबईने उतरायच्या शहरांच्या यादीत मुंबई आहे, पुणे नाही. भारतीय कंपन्या मात्र आपल्या देशातून कुठूनही उडू शकतात. समजा, उद्या पुणे यादीत आलं. १८० आसनांचं एक विमान रोज आलं, तरी आठवड्याला १,२६० जागा लागतील. कोटा वाढला नाही तर त्या मुंबई किंवा कोचीच्या वाट्यातून काढाव्या लागतील.

'आमच्या कण्णूरचं हेच दुखणं,' बायकोचा सहकारी म्हणाला. केरळातला हा विमानतळ २०१८मध्ये सुरू झाला, पण परदेशी कंपन्यांना अजून दार बंद. मावशी मध्येच म्हणाली, 'पण व्हिसा तर मिळतो ना?' तिला वाटलं, परवानगी प्रवाशाची चालली आहे.

गावाकडे चर्चा निघाली की 'आपल्या कंपन्यांना वाचवायला आपल्याला लुटतात' असं ऐकू येतं. दिवाळीचं तिकीट काढताना मीही तेच पुटपुटतो. पहाटे तीनला मुंबईत उतरून झोपाळू ड्रायव्हरशी गप्पा मारत खंडाळ्याचा घाट चढलो की कोटा ठरवणाऱ्यांचा रागच येतो. पण इथे दुबईत राहून दुसरी बाजूही दिसते. मुंबईहून माझ्याबरोबर येणाऱ्यांतले कितीतरी जण दुबई बघायला येतच नाहीत. ते पुढे लंडनला, न्यूयॉर्कला जातात. दोन परक्या देशांमधले प्रवासी आपल्या गावावरून नेण्याच्या या हक्काला सहावं स्वातंत्र्य म्हणतात, आणि दुबईचा धंदा त्याच्यावर उभा आहे. भारतीय कंपनीला मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान भरायचं असतं, ते ह्याच प्रवाशांतून.

म्हणून मला सरसकट दार उघडणं पटत नाही. पुणे यादीत घालावं, जागा मोजून द्याव्यात. शेजाऱ्याला हे पटलं नाही. 'मोजून दिल्या तर भाडं उतरणार कसं?' तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुलतभाऊ फोनवर ऐकतच होता. त्याने विचारलं, 'मग मुंबईला गाडी किती वाजता पाठवू?'