गेटवे कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला, पण पटला नाही. आज ईएसपी३२ आणि ४जी मॉड्यूल स्वस्तात मिळतं. दर मिनिटाचं रीडिंग सरळ क्लाऊडला पाठवता येतं. मध्ये आणखी एक खोकं, त्याची बॅटरी, त्याचं मेमरी कार्ड कशाला? बिघडायला एक वस्तू वाढली, एवढंच. आणि रात्रीचं तापमान सकाळी कळून काय उपयोग? दूध तोवर नासलेलंच असणार. गावोगावी टॉवर आलेत आता."

उत्तर:

नमस्कार. मूळ लेखात मी म्हटलं होतं की दुधाच्या टाकीवरचा सेन्सर आणि क्लाऊड यांच्यामध्ये गेटवे हवा, म्हणजे नोंदी साठवणारा आणि रेंज नसतानाही स्वतः भोंगा वाजवणारा छोटा संगणक. तुमच्या प्रतिक्रियेतला एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्याकडे मी शेवटी येतो. आधी सकाळी कळण्याबद्दल बोलू, कारण मूळ लेखात मी ते नीट मांडलं नव्हतं.

मी ज्या बल्क कूलरबद्दल, म्हणजे दूध थंड करणाऱ्या मोठ्या टाकीबद्दल लिहिलं, तो शाहूवाडीच्या घाटाकडच्या भागात एका दूध संस्थेत आहे. टाकी २००० लिटरची. सकाळचं दूध टँकर घेऊन जातो, म्हणून संध्याकाळी टाकी रिकामी असते. साडेसहाला संकलन सुरू होतं, आठच्या सुमाराला शेवटचं कॅन ओतलं जातं. काढल्यावर थोड्याच वेळात आलेलं दूध ३३-३४ अंशांचं असतं. ते ४ अंशांवर आणायला कॉम्प्रेसरला आणखी तीनेक तास लागतात.

धोका नेमका कुठे आहे, हे मलाही सुरुवातीला कळलं नव्हतं. मला वाटायचं, थंड झालेलं दूध लाईट गेल्यावर तापतं, त्याची भीती. प्रत्यक्षात टाकीचं इन्सुलेशन चांगलं असेल तर ४ अंशांवरचं दूध बंद टाकीत तासाला काही दशांशानेच चढतं. खरी भीती अर्धवट थंड झालेल्या दुधाची. कूलिंग चालू असताना, दूध १४ अंशांवर आलेलं असताना लाईट गेली, तर ते तिथेच अडकतं. १४ अंशांवर रात्रभर पडलेलं दूध सकाळी वासाचं म्हणून परत येतं.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. पावसात रेंज साडेसातलाच गेली होती. लाईट ९ वाजून १० मिनिटांनी गेली. तेव्हा टाकीत सुमारे ९०० लिटर दूध होतं, तापमान १४ अंश. राखणदार शेजारच्या घरी जेवायला गेलेला. गेटवेने १५ मिनिटं वाट पाहिली आणि भोंगा वाजवला. राखणदाराने साडेनऊला जनरेटर चालू केला आणि सव्वाअकराला दूध ४ अंशांवर आलं. रेंज दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून ५० मिनिटांनी आली, तेव्हा ही सगळी हकिगत क्लाऊडला कळली. दूध मात्र रात्रीच वाचलं होतं, आणि ते वाचवायला क्लाऊडची गरज लागली नव्हती.

यात भोंग्याचा नियम महत्त्वाचा आहे. "तापमान ५ च्या वर गेलं की वाजव" असा नियम लिहिला तर तो रोज संध्याकाळी वाजतो, कारण दूध ओतताना तापमान चढणारच. चार दिवसांत लोक वायर काढून ठेवतात. आम्ही कॉम्प्रेसरच्या वायरवर, तिच्यातून वीज वाहते का हे सांगणारा एक करंट क्लॅम्प बसवला आणि नियम असा केला: दूध ५ अंशांच्या वर आहे, आणि कॉम्प्रेसर सलग १५ मिनिटं करंट घेत नाही. दुसरा नियम त्याच्या जोडीला: कॉम्प्रेसर चालू आहे, पण शेवटचं दूध पडून दोन तास झाले तरी तापमान उतरत नाही. हा दुसरा नियम कूलरच्या गॅसची गळती पकडतो. आणखी एक काळजी घ्यावी लागली. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर वीज आल्यावर पहिलं माप घेण्याआधी वाचला तर बरोबर ८५.० अंश सांगतो. तो आकडा टाकून द्यायचा, नाहीतर लाईट आल्या आल्या भोंगा वाजतो.

हे सगळं चालायला गेटवेला स्वतःची बॅटरी हवी. आमचा बोर्ड, म्हणजे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, सुमारे ४ वॅट घेतो. १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. कागदावर २१ तास होतात, पण कन्व्हर्टरचा तोटा आणि बॅटरीचं वय धरून मी १० तासच मोजतो.

आता सिंकबद्दल, म्हणजे साठलेल्या नोंदी क्लाऊडला पाठवण्याबद्दल. इथे मी स्वतः चुकलो होतो. तुमच्या ईएसपी३२ला नेमका हाच प्रश्न येईल, म्हणून सविस्तर लिहितो.

डेटाचं प्रमाण ही अडचणच नाही. मिनिटाला एक रीडिंग, दर रीडिंगला १०० बाइट धरले तर दिवसाला १४४ केबी होतात. आठवडाभर रेंज नसली तरी जेमतेम १ एमबी. रेंज आल्यावर ते मिनिटभरात जातं. अडचण वेळेची आहे. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. बोर्ड चालू असताना वेळ अधूनमधून एका फाइलमध्ये लिहून ठेवली जाते आणि पुन्हा सुरू झाल्यावर तिथूनच पुढे मोजली जाते. खरी वेळ नेटवर्क आल्यावर मिळते. हे मला माहीत होतं, तरी पहिल्या वर्षी मी वेगळं घड्याळ लावलं नाही. रेंज तासाभरात येईलच, असं गृहीत धरलं होतं.

एका रात्री गेटवेची बॅटरीही संपली. तो दीडला बंद पडला आणि लाईट आल्यावर पहाटे ६ ला सुरू झाला. फाइलमधली शेवटची वेळ १:१७ होती, म्हणून त्याच्या दृष्टीने ६ वाजता १:१७ वाजले होते. ६:५० ला सकाळचं दूध पडायला लागलं आणि ते २:०७ म्हणून नोंदलं गेलं. ८:४० ला रेंज आली, घड्याळ ३:५७ वरून एकदम ८:४० वर गेलं, आणि साठलेल्या सगळ्या नोंदी क्लाऊडवर पोचल्या.

आलेखात काय दिसलं, पाहा. रात्री २ वाजून ७ मिनिटांनी ४ अंशांचं दूध भराभर ११ अंशांवर गेलं. म्हणजे मध्यरात्री कुणीतरी टाकीत काहीतरी ओतलं. संकलन करणाऱ्या संघाच्या माणसाने तोच आलेख संस्थेच्या सचिवांसमोर ठेवला. सचिवांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. पंचवीस वर्षं संस्था सांभाळलेल्या माणसावर माझ्या घड्याळामुळे भेसळीचा संशय आला होता. ते मी विसरलेलो नाही.

चूक कशी ओळखली, तेही सांगतो. १:१७ ते १:३० या वेळेच्या नोंदी दोनदा होत्या. आणि ३:५७ ते ८:४० एकही नोंद नव्हती. हे रिकामं अंतर ४ तास ४३ मिनिटांचं. ६:०० मधून १:१७ वजा केले तरी ४ तास ४३ मिनिटंच येतात. घड्याळ किती मागे होतं, ते या भोकानेच सांगितलं. मधल्या नोंदी तेवढ्या पुढे सरकवल्यावर आलेख सकाळच्या संकलनाशी जुळला, आणि मी तो छापून संघाकडे नेऊन दिला.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. डीएस३२३१ हे नाण्याएवढ्या सेलवर चालणारं घड्याळ बसवलं. ते वर्षाला साधारण एक मिनिट चुकतं, एवढं आम्हाला चालतं. आणि नोंदीची रचना अशी केली:

```sql
CREATE TABLE reading (
  boot_id  TEXT,
  seq      INTEGER,
  uptime_s INTEGER,
  ts       INTEGER,
  clock_ok INTEGER,
  temp_c   REAL,
  sent     INTEGER DEFAULT 0,
  PRIMARY KEY (boot_id, seq)
);
```

`boot_id` बोर्ड दर वेळी सुरू झाला की बदलतो. लिनक्समध्ये तो `/proc/sys/kernel/random/boot_id` या फाइलमधून मिळतो. `seq` म्हणजे नोंदीचा क्रमांक, `ts` म्हणजे घड्याळाची वेळ आणि `uptime_s` म्हणजे सुरू झाल्यापासूनचे सेकंद. घड्याळ चुकलं तरी हा आकडा चुकत नाही. त्यामुळे त्या सत्रात एकदा खरी वेळ कळली की मागच्या सगळ्या नोंदींची वेळ काढता येते. `clock_ok` शून्य असेल, म्हणजे वेळ भरवशाची नसेल, तर क्लाऊड ती नोंद आलेखात दाखवत नाही, थांबवून ठेवतो.

`boot_id` आणि `seq` यांची जोडी आणखी एका कामाला येते. नोंदी आम्ही एमक्यूटीटी या संदेश-पद्धतीने पाठवतो. तिच्यात क्यूओएस १ ही पातळी म्हणजे संदेश किमान एकदा पोचेल, कधी दोनदाही पोचेल. रेंज येते-जाते तिथे दोनदा पोचणं नेहमीचंच. सर्व्हरवर ही जोडी आणि गेटवेचा क्रमांक मिळून अनन्य ठेवले की दुसरी प्रत आपोआप गळते. `sent` मात्र ब्रोकरची, म्हणजे संदेश पुढे देणाऱ्या मधल्या सर्व्हरची, पोच आल्यावर १ करायचा नाही. ब्रोकरला मिळालं म्हणजे डेटाबेसमध्ये लिहिलं गेलं असं नाही. आमचा सर्व्हर लिहून झाल्यावर वेगळा संदेश परत पाठवतो, तेव्हाच नोंद पाठवलेली धरतो.

आणि हो, जुन्या नोंदींवर क्लाऊडने एसएमएस पाठवायचे नाहीत. सुरुवातीला रेंज आली की सचिवांच्या फोनवर रात्रीच्या इशाऱ्यांची रांग लागायची.

आता तुमचा मान्य असलेला मुद्दा. खोकं खरंच बिघडतं. आमची दोन मेमरी कार्डं लिहिता लिहिता लाईट गेल्याने खराब झाली. आता ऑपरेटिंग सिस्टीमचं विभाजन फक्त वाचण्यापुरतं ठेवलंय, नोंदी वेगळ्या विभाजनावर जातात. तरी एक मर्यादा राहतेच: गेटवे मेला की नुसती रेंज गेली, हे क्लाऊडला त्या वेळी कळत नाही, दोन्हीकडे शांतताच असते. म्हणून खोक्यावर हिरवा दिवा आहे, आणि तो लागलेला आहे ना, हे राखणदार रात्री झोपण्याआधी पाहतो. दुसरी मर्यादा, लाईट गेली की दूध ढवळणारा पंखाही थांबतो. मग सेन्सर फक्त त्याच्याभोवतीच्या थराचं तापमान सांगतो. लाईट नसतानाच्या आकड्यावर मी अर्ध्या अंशाचाही वाद घालत नाही.

ईएसपी३२ला माझा विरोध नाही. त्याच्या फ्लॅशमध्ये काही दिवसांच्या नोंदी मावतात. त्याला डीएस३२३१, बॅटरी आणि भोंगा जोडा, नियम त्याच्यातच लिहा, मग तोच गेटवे झाला. एका टाकीला, एका सेन्सरला तो पुरेल, आणि आमच्यापेक्षा स्वस्तही पडेल. चांगली रेंज असलेल्या शेतात एकच ओलावा-सेन्सर असेल तर भोंगाही नको. तिथे तुमचीच पद्धत योग्य आहे.

बसवण्याआधी मात्र एक चाचणी करा. अँटेना काढा. तासाभराने वीज बंद करा, चार तासांनी पुन्हा द्या. आणखी दोन तासांनी अँटेना लावा. क्लाऊडवर त्या सात तासांत किती नोंदी आल्या, त्यांच्या वेळा बरोबर आहेत का आणि किती दोनदा आल्या, ते मोजा. आकडे इथे लिहिलेत तर माझ्या खोक्याचे त्याच चाचणीतले आकडे मी शेजारी लिहीन.