शुभ सकाळ, शुभ दुपार, शुभ संध्याकाळ आणि माझं डोकं

सत्तावीस मिनिटं! घड्याळ लावून बसलो होतो म्हणून सांगतो. ऑनलाइन व्याख्यान साडेसातचं, आणि गुरुजींच्या तोंडून पहिला शब्द निघाला सात वाजून सत्तावन्न मिनिटांनी. तोवर काय चाललं होतं? स्वागत.

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५. भाऊबीज होऊन तीन दिवस झालेले. अंबाजोगाईला गुरुजींच्या बैठकीत मी लॅपटॉप मांडून बसलेलो, खाली दोन उशा, त्यावर पाट, म्हणजे कॅमेरा गुरुजींच्या तोंडापुढं यावा. माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. विषय दासोपंतांची पासोडी, म्हणजे आमच्या गावात दासोपंतांनी कापडावर लिहून काढलेला तो लांबलचक ग्रंथ. गुरुजींनी चार दिवस टिपणं काढली होती. पण पासोडी अंथरली ती आमच्या सूत्रसंचालकानं, आणि तीही शुभेच्छांची.

"भारतातल्या श्रोत्यांना शुभ संध्याकाळ! दुबईकरांना शुभ संध्याकाळ! अमेरिकेतल्या मंडळींना शुभ सकाळ! लंडनकरांना शुभ दुपार! आणि ऑस्ट्रेलियातल्या आमच्या भगिनींना... शुभ रात्री!"

अरे बाबा, शुभ रात्री म्हणजे 'जा, झोपा आता'. माणूस यायला लागला की म्हणतात का ते? मेलबर्नच्या ताईंनी लगेच चॅटमध्ये लिहिलं, "मग मी निघू का?" त्या बाईंकडं तेव्हा रात्रीचा एक वाजलेला, तारीख सत्तावीस, वार सोमवार. सकाळी उठून त्यांना ड्युटी. आणि ह्याचं आपलं चालूच, "आज रविवारची निवांत संध्याकाळ..." कुणाची निवांत?

पुढचा कहर म्हणजे, "आपण कुठून जोडले गेलात ते चॅटमध्ये लिहा." लिहा म्हणला तिथवर ठीक. पण हा ते वाचायला लागला. एकेक नाव, एकेक गाव, आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वेळेची शुभेच्छा. सिंगापूर आलं की थांबून हिशेब करायचा, "तुमच्याकडं आता किती... नऊ? दहा?" दहा वाजले होते. कॅलिफोर्नियाचा एक पोरगा सकाळी सातला अंधारात उठून चहा घेऊन बसलेला. त्याचा चहा संपला, कप घेऊन उठला, दुसरा करून आणला, तरी स्वागत चालूच.

गुरुजी माझ्या कानाशी आले. "का रे, हे अजून राम रामच करायलेत का?"

राम राम केला असता तर बरं झालं असतं की गुरुजी!

माझा खरा राग हाच आहे. आपल्याकडं नमस्कार आहे, राम राम आहे, जय भीम आहे, रामकृष्ण हरी आहे, सलाम आहे. ह्यातला एक तरी घड्याळाला बांधलेला आहे का? पहाटं शेतात निघालेल्या माणसाला राम राम, रात्री एसटीतून उतरलेल्यालाही राम रामच. शुभ सकाळ-शुभ दुपार हे आपण गुड मॉर्निंगचं भाषांतर करून घरात आणून ठेवलं. एका गावात बसून बोलायचं तर ते एकवेळ चालतं. ऐकणारे दहा देशांत पसरलेले असले की मात्र एक नमस्कार पुरेसा असताना हे पाच तुकडे करावे लागतात, आणि त्यातले दोन चुकतात.

लंडनचा तर तमाशाच झाला. ह्यानं "लंडनकरांना शुभ दुपार" म्हणलं तेव्हा खोलीत लंडनचं एकही माणूस नव्हतं. मी यादी बघत होतो ना! कारण पोस्टरवर ह्यानं छापलेलं, भारत संध्याकाळी ७:३०, लंडन दुपारी ३:००. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोस्टर केलं तेव्हा ते बरोबर होतं. तेव्हा तिकडं उन्हाळ्याची वेळ चालू होती आणि आपल्यात-त्यांच्यात साडेचार तासांचं अंतर होतं. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटं तिकडं घड्याळं एक तास मागं घेतात, आणि तो रविवार म्हणजे नेमका आमच्या व्याख्यानाचा. अंतर झालं साडेपाच तास. आपल्या साडेसातला त्यांचे दोन वाजलेले. ती बिचारी माणसं पोस्टरवर विसंबून त्यांच्या तीनला आली. म्हणजे आपल्या साडेआठला!

साडेआठला गुरुजी ऐन रंगात. कापडावर लिहिताना ओळ सरळ कशी ठेवायची, शाई कशी पसरते, हे बोटानं मांडीवर रेघ ओढून सांगायलेत. आणि स्क्रीनवर टिंग, टिंग, टिंग. लंडनची सात माणसं एकदम आत. बरं, आली तर आली, बसतील गप. पण नाही. ह्यानं गुरुजींना मधेच थांबवलं आणि म्हणला, "लंडनकरांचं पुन्हा एकदा स्वागत, शुभ दुपार!"

गुरुजींचं बोट मांडीवर तसंच राहिलं. चष्मा काढला, पुसला, आणि मला विचारलं, "कुठं होतो मी?" ती रेघ काही परत जुळली नाही. मेलबर्नच्या ताई तेवढ्यात निघून गेल्या होत्या.

एवढं अवघड आहे का हो हे? पोस्टरवर आपली एक वेळ द्यायची आणि सोबत कॅलेंडरचं आमंत्रण पाठवायचं. ज्याचा त्याचा फोन त्याची वेळ काढतो, घड्याळ मागं घ्या नाहीतर पुढं. आणि सुरुवातीला बोलायचं ते इतकंच: "नमस्कार मंडळी. आवाज येत नसेल तर चॅटमध्ये लिहा. गुरुजी पन्नास मिनिटं बोलतील, नंतर पंधरा मिनिटं प्रश्न. ज्यांच्याकडं रात्र झालीय त्यांनी जागरण करू नका, रेकॉर्डिंग उद्या मिळंल. गुरुजी, बोला." मी म्हणून पाहिलं, वीस सेकंदही लागत नाहीत. ह्यात घड्याळातली वेळ कुठंच नाही, नुसती मिनिटं आहेत. पन्नास मिनिटं मेलबर्नला पन्नासच आणि लातूरलाही पन्नासच. 'साडेआठला प्रश्न घेऊ' म्हणलं की प्रत्येकजण मनात वजाबाकी करत बसतो, त्यात आपला तो अर्धा तास. आपलं साडेसात म्हणजे लंडन-न्यूयॉर्कचं पूर्ण वाजलेलं असतं.

लोक पहिली चार-पाच मिनिटं येतच राहतात, हे मलाही कळतं. तेवढा वेळ काढायला म्हणून स्वागत लांबवतात. मग एक पाटी लावा की स्क्रीनवर, 'पाच मिनिटांत सुरू करतोय', आणि गप बसा. वेळेवर आलेल्या माणसाला पाच मिनिटं शांतता चालती. सत्तावीस मिनिटं कुणाच्या तरी गावाचं नाव ऐकणं चालत नाही.

आता पुढच्या रविवारचं, २ नोव्हेंबरचं, पोस्टर ग्रुपवर आलंय. ह्यानं फक्त तारीख बदलली. लंडन दुपारी ३:०० तसंच. न्यूयॉर्क सकाळी १०:०० तसंच. आणि २ नोव्हेंबर हा नोव्हेंबरचा पहिला रविवार, त्या दिवशी अमेरिकेतली घड्याळं मागं जाणार. आपल्या साडेसातला न्यूयॉर्कात नऊ वाजतील. म्हणजे ह्या खेपेला लंडन आणि अमेरिका दोघंही तासभर उशिरा, आणि दोघांनाही मधेच थांबवून शुभेच्छा.

मी ग्रुपवर सगळं नीट लिहिलं. आकड्यांसकट. दुपारी अडीचला त्याचं उत्तर आलं. गुलाबाच्या फुलाचं चित्र, खाली सोनेरी अक्षरात, शुभ सकाळ.