‘दादा, जरा बघ ना’ म्हणणं मी का सोडलं

आठ महिन्यांपूर्वी मला लाइन लीडर केलं. माझ्या शिफ्टला चार सीएनसी मशीन, चार ऑपरेटर. त्यातल्या एकाला सगळे दादा म्हणतात. त्याच्या शेजारच्या मशीनवर मी सहा वर्षं काढली. मशीनला मापाची दुरुस्ती, म्हणजे ऑफसेट, कसा द्यायचा, धातू कापणारं टोक, म्हणजे इन्सर्ट, गेलाय हे नुसत्या आवाजावरून कसं ओळखायचं, हे सगळं मला त्यानंच शिकवलं. आणि आता त्याला मी काम सांगायचं होतं.

दादानं तोंडावर कधीच नाही म्हटलं नाही. ‘हो, करतो’ म्हणायचा आणि करायचा नाही.

आमच्याकडे एक शाफ्ट चालतो. त्याच्यावर बेअरिंग बसतं ती जागा २५.००२ ते २५.०१५ मिलिमीटरमध्येच हवी. म्हणजे खेळायला जेमतेम १३ मायक्रॉन. म्हणून दर तासाला एक जॉब, म्हणजे तयार झालेला एक नग, मायक्रोमीटरनं मोजून शीटवर लिहायचा, असा नियम आहे. दादा आठही रकाने शिफ्ट संपताना एकदम भरायचा. मला ते कळलं, कारण सगळीकडे २५.००८ लिहिलेलं असायचं. इन्सर्ट झिजत जातो तसा जॉब थोडाथोडा जाड होत जातो. खरी मापं हळूहळू चढतात आणि ऑफसेट दिला की खाली येतात. तासामागून तास तोच आकडा येत असेल तर कुणी मोजलेलंच नाही. हेही मला दादानंच शिकवलं होतं.

पहिला महिना मी ‘दादा, जरा बघ ना शीटचं’ असं म्हणत राहिलो. मैत्री जपतोय असं मला वाटायचं. पण विनंती केली की ती नाकारायचा हक्क समोरच्याला आपोआप मिळतो, आणि तो त्यानं वापरला. मग मी गुपचूप त्याचे जॉब स्वतःच मोजायला लागलो. त्यात माझं काम मागे पडलं आणि बाकीच्या तिघांनाही दिसलं, की दादाला वेगळा नियम आहे. शेवटी एकदा वैतागून सगळ्यांसमोर बोललो. ती माझी सगळ्यात मोठी चूक. तो म्हणाला, ‘बरोबर आहे साहेब.’ पुढचे पंधरा दिवस तो मला साहेबच म्हणत होता. त्या एका शब्दानं फार लागलं.

मग एके दिवशी असेंब्लीतून ३८ शाफ्ट परत आले. जागा जाड झालेली, बेअरिंग बसेना. शीटवर मात्र २५.००८.

त्या रात्री शिफ्ट सुटल्यावर बाकीचे बसकडे गेले, आम्ही दोघंच मशीनपाशी थांबलो. मी म्हणालो, ‘दादा, मशीन कसं चालवायचं, इन्सर्ट कधी बदलायचा, हे तुझं. त्यात मी बोलणार नाही. पण तासाला माप आणि इन्सर्ट बदलल्यावर पहिला जॉब क्वालिटीला दाखवणं, हे मी सांगतोय, मागत नाही. परत अशी शीट दिसली तर सुपरवायझरना लेखी देईन. देण्याआधी तुला सांगेन.’

तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, ‘मायक्रोमीटर तीन मशीनला एक. त्या टोकाला ठेवलेला. एकदा जाऊन यायला चार-पाच मिनिटं. तासाला गेलो तर शिफ्टमध्ये अर्धा तास जातो, आणि बोर्डावर फक्त नग मोजतात. ते कोण बघतं?’ थोड्या वेळानं म्हणाला, ‘अकरा वर्षं झाली मला इथं. तुला का केलं, हे कुणी मला सांगितलं नाही. मी बोर्डावर वाचलं.’

मला वाटतं, बढती देणाऱ्यांनी हे काम नव्या लीडरवर ढकलू नये. एकाला वर घेताना दुसऱ्याला बसवून कारण सांगणं हे वरच्या माणसाचंच काम आहे. मी कितीही चांगलं बोललो तरी ते माझ्या तोंडून शोभलं नसतं. मी आमच्या मॅनेजरना तेवढंच म्हणालो, आणि ते खरंच दादाशी बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. मायक्रोमीटरचं मात्र माझ्या हातात होतं. दुसरा मिळायला तीन आठवडे लागले. तो आता दादाच्या मशीनशेजारी लाकडी पेटीत असतो. तोवर त्याचे नग थोडे कमी भरले तर जाब मी देईन, असं मी त्याला सांगितलं होतं आणि एकदा दिलाही.

आमचा चहा अजून वेगळाच होतो. शनिवारी एकत्र जेवायला जायचो, ते बंद झालं ते बंदच आहे. याचं मला वाईट वाटतं, पण त्यासाठी मी परत ‘जरा बघ ना’वर जाणार नाही.

काल त्याची शीट बघितली. २५.००४, २५.००६, २५.००९, २५.०११. पुढच्या रकान्यात २५.००५ आणि शेजारी त्याच्या तिरक्या अक्षरात ‘ऑफसेट दिला’.