काट्यावरची लोकर आणि तटावरची लढाई

«महाकाव्यातल्या लांबलचक उपमा म्हणजे निव्वळ भरती. तोंडपाठ म्हणणाऱ्या कवीला पुढचं आठवेपर्यंत वेळ काढायचा असे, म्हणून त्या आल्या. ऐन लढाईत गोष्ट थांबते, आणि उपमेतला तपशीलही मूळ प्रसंगाला धड लागू होत नाही. गाळून वाचा, काही बिघडत नाही.»

हा मजकूर आमच्या अंबाजोगाईच्या वाचनमंडळात एकाच आठवड्यात तिघांनी मला दाखवला, आणि त्यातल्या एकाने खरोखरच उपमा गाळून होमर या ग्रीक कवीचं, ट्रॉयच्या युद्धावरचं ‘इलियड’ वाचायला घेतलं होतं. म्हणून त्याच काव्याचा बारावा सर्ग समोर ठेवून उत्तर देतो.

वेळ काढण्याचा मुद्दा आधी, कारण त्याला फार शब्द लागत नाहीत. होमरची परंपरा मौखिक होती हे खरं. म्हणणाऱ्याला हाताशी तयार साहित्य लागे हेही खरं, आणि ते काव्यात उघड दिसतं: ‘चपळ पायांचा अकिलीस’सारखी विशेषणं आणि जेवणाची, चिलखत चढवण्याची तीच ती ठरावीक वर्णनं. ती पुन्हा पुन्हा येतात, कारण ती जिभेवर बसलेली आहेत. लांब उपमांचं तसं नाही. दावं तोडून नदीकडे धावणाऱ्या घोड्याची उपमा ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याला आणि पुढे त्याचा भाऊ हेक्टर याला, अशी दोनदा जशीच्या तशी येते. पण असं क्वचितच घडतं, बहुतेक उपमा एकदाच येतात. दम खाण्यासाठी कोणी दर वेळी नवं चित्र रचत नाही. शिवाय पहिल्या सर्गात अकिलीस आणि ॲगमेम्नॉन या दोन ग्रीक वीरांचं सगळं भांडण आहे, सहाशेच्या वर ओळी आहेत, आणि लांब उपमा एकही नाही. तिथे कवीला विसरायला झालं नसेल का?

आता गोष्ट थांबते, हा मुद्दा. बाराव्या सर्गात ट्रॉयचे लोक ग्रीकांच्या तटावर चालून आलेत. एका जागी दोन्ही बाजू अडतात: चालून आलेल्यांना तट फोडता येत नाही, ग्रीकांना त्यांना मागे रेटता येत नाही. ४२१व्या ओळीपासून कवी म्हणतो, जशी दोन माणसं सामाईक शेतात हातात मोजकाठ्या घेऊन हद्दीवरून भांडतात, थोडक्या जागेत आपापल्या सारख्या वाट्यासाठी, तसा तो तट दोघांच्या मधे होता.

मराठवाड्यात हे समजावून सांगावं लागत नाही. धुऱ्याचं भांडण आपण सगळ्यांनी पाहिलंय. वीतभर जमीन, मधे बांध, आणि दोघंही तिथून हलायला तयार नाहीत. त्या भांडणात ‘पुढे काय झालं’ असं काही नसतंच; तासन्‌तास तीच जागा, तेच शब्द. तटावरची लढाईही त्या क्षणी तशीच आहे. उपमा येण्याआधीच ती लढाई जागच्या जागी थांबलेली असते. ते अडकणं किती वेळ चाललं हे ‘बराच वेळ’ म्हणून कळत नाही, ऐकणाऱ्याला तेवढा वेळ तिथे उभं करावं लागतं.

आणि बघा, उपमेत मोजकाठी आली, सारखा वाटा आला. दहा-बारा ओळींनी दुसरी उपमा येते. प्रामाणिक कष्टकरी बाई तराजू धरते, एका पारड्यात वजन, एकात लोकर, दोन्ही समतोल करून उचलते, लेकरांसाठी तुटपुंजी मजुरी मिळावी म्हणून. तशी लढाई दोन्ही बाजूंना सारखी ताणलेली होती, देवांचा राजा झ्यूस हेक्टरला वरचढ यश देईपर्यंत. मग हेक्टर दारापुढचा धोंडा उचलतो. आजची दोन दांडगी माणसंही तो जमिनीवरून गाड्यावर सहज चढवू शकणार नाहीत, असा तो धोंडा. आणि तो उचलतो कसा? जसा धनगर मेंढ्याची कातरलेली लोकर एका हातात सहज घेऊन चालतो, ओझं जाणवतही नाही, तसा.

तिन्ही चित्रं एका ओळीत लावून पाहा. धुऱ्यावर मोजमाप सारखं. मग पारड्यात लोकर, तोल नेमका. मग तीच लोकर हातात, आणि वजन उरलेलंच नाही. तोल कधी गेला हे कवीने लोकरीच्या वजनातून सांगितलंय. पुढच्या ओळींत तो धोंडा दारावर आदळतो, बिजागऱ्या तुटतात. जो तिन्ही उपमा गाळतो त्याला दार तुटल्याचं कळतं, तोल गेल्याचं कळत नाही.

याच सर्गात दगडांच्या वर्षावाला बर्फाची उपमा दोनदा आहे, हेही सांगतो, कारण तपशील लागू होत नाहीत या मुद्द्याचं उत्तर तिथून सुरू होतं. पहिल्यांदा वारा ढग हाकलतो आणि बर्फ दाट कोसळतं. हे सरळ जुळतं. शंभरेक ओळींनी दुसऱ्यांदा येते तेव्हा झ्यूस वारा निजवतो आणि मग बर्फ पडत राहतं: डोंगरमाथे, गवताळ मैदानं, माणसांनी कसलेली शेतं, बंदरं, किनारे, सगळं झाकलं जातं, फक्त लाट त्याला थोपवते. आपल्यापैकी कोणाला दगडांच्या माऱ्याला उपमा द्यायची असती तर गारपीट सुचली असती. पत्र्यांवरचा तो कडकडाट ज्याने ऐकलाय तो दुसरं काही निवडणार नाही. होमरने निवडली शांतता. उपमा संपताच तो म्हणतो, साऱ्या तटावर आवाज उठला होता. आधी कान रिकामे केले, मग त्यात तो आवाज सोडला. न जुळणारा तपशीलच इथे काम करतोय.

तराजूवाल्या बाईचंही तेच. लढाईशी जुळतो तो फक्त तोल. प्रामाणिकपणा, लेकरं, तुटपुंजी मजुरी यांचा तटाशी काही संबंध नाही, असं वाटतं. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी कापसाची गाठोडी काट्याला लावतात, तेव्हा बायकांचे डोळे त्या काट्यावर कसे खिळलेले असतात हे मी लहानपणापासून पाहिलंय. किलोमागे मजुरी, पावशेराचा फरक म्हणजे घरातल्या कशाचा तरी फरक. तटावर कोणाचं नाव होणार यासाठी मरणं चाललंय, आणि त्याच नेमकेपणाने कुणी एक बाई लोकर तोलतेय, जिला नावही नाही. कवी तुलना संपल्यावरही लेकरांपर्यंत जातो, म्हणून आपल्याला आठवतं की या तटापलीकडे अशी घरं आहेत.

उपमा कामाची आहे की भरतीची, हे ओळखायची जागा आपल्या ओव्यांनी आपल्याला शिकवलेली आहे. ‘जैसे’ने निघालो की ‘तैसे’वर परत यायचं असतं. परतताना पाय त्याच जागी पडले आणि काहीच बदललं नसेल, तर ती उपमा भरती. होमरची नुसती नक्कल करणाऱ्या पुढच्या काव्यांत अशाही सापडतात, ते नाकारत नाही. इथे मात्र बाईकडून परतल्यावर लगेच झ्यूस येतो, आणि तराजूसाठी वापरलेला शब्द काव्यात दुसरीकडे झ्यूसच्याच हातात आहे. बाविसाव्या सर्गात तो सोन्याचा तराजू धरतो, दोन पारड्यांत अकिलीस आणि हेक्टर यांची मरणं ठेवतो, आणि हेक्टरचं पारडं खाली जातं.