गॉगलमध्ये चिखलदरा का नाही: फोटो स्टुडिओचे उत्तर

"साखरपुड्याच्या बॅनरसाठी फोटोमागं चिखलदरा टाकायला सांगितला. मागं टाकला, पण गॉगलमध्ये डोंगर नाहीच, तिथं भलतंच आभाळ अन् झाडं. सांगूनही बदललं नाही. वरून गॉगलचे ३०० रुपये वेगळे घेतले अन् बॅनर उशिरा दिला. एक स्टार."

नमस्कार भाऊ. ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर तुमची धावपळ झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण डोंगराचं तुम्ही जे लिहिलं ते मनाला लागलं, म्हणून सविस्तर सांगतो.

गॉगलच्या काचेत माणसाच्या मागचं कधीच दिसत नाही. त्याच्या समोर, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागं जे असतं, ते दिसतं. तुमच्या पाठीशी दरी आणि डोंगर आहे, मग काचेत तो डोंगर येणार कुठून? खात्री करायची असेल तर देवळाकडं पाठ करा, गॉगल लावा आणि कुणाला तरी फोटो काढायला सांगा. काचेत देऊळ सापडणार नाही, फोटो काढणारा सापडेल.

तुमचा मूळ फोटो शेताच्या धुऱ्यावर काढलेला होता. मोठा करून पाहिला तर दोन्ही काचांत पऱ्हाटीच्या ओळी, टिनाचा गोठा, उभी मोटारसायकल आणि मोबाईल धरलेले तुमचे भाऊ. मोबाईलवर हे कुणाला दिसत नाही. पण आठ बाय चारच्या फ्लेक्सवर एकेक काच पंजाएवढी होते, आणि चिखलदऱ्यात उभ्या माणसाच्या डोळ्यावर टिनाचा गोठा पाहुण्यांना लगेच दिसला असता. म्हणून माझ्याकडचा चिखलदऱ्याचाच दुसरा फोटो घेतला, पॉईंटच्या कठड्याला पाठ करून काढलेला. तुम्ही म्हणता ती झाडं आणि आभाळ तिथलंच आहे.

तो नुसता चिकटवून चालत नाही. आधी Flip Horizontal करून डावं-उजवं बदलावं लागतं, कारण काचेत सगळं आरशासारखं दिसतं. मग काच लोट्यासारखी बाहेरून फुगीर असल्यामुळं समोरचं सगळं लहान होऊन, कडेला वाकून तिच्यात मावतं. झाडांना तो वाक Warp ने द्यावा लागतो, नाहीतर काचेवर स्टिकर लावल्यासारखं वाटतं. एका काचेचं काम दुसऱ्या काचेवर कॉपी केलं तरी चोरी पकडली जाते. डावी काच थोडी एका बाजूला वळलेली असते, उजवी दुसऱ्या, म्हणून दोन्हींत देखावा थोडा सरकलेला हवा. धूसरही फार करायचा नसतो. फुगीर काचेतलं प्रतिबिंब काचेच्या अगदी थोडंच मागं पडतं, त्यामुळं चेहरा स्पष्ट असेल तर तेही बऱ्यापैकी स्पष्टच दिसतं.

दोन गोष्टी मी मुद्दाम जुन्याच ठेवल्या. काचेच्या खालच्या कडेला काचेतून आरपार तुमचा स्वतःचा गाल अंधूक दिसतो, तो तुम्ही कुठंही उभे राहिलात तरी दिसणारच. आणि वरच्या कोपऱ्यातला सूर्याचा ठिपका. नाकाची सावली त्याच उन्हाची आहे. ठिपका पुसला किंवा दुसऱ्या बाजूला नेला तर ऊन एकीकडून आणि सावली भलतीकडं, असं झालं असतं. तो वेगळ्या लेयरवर घेऊन Screen मोडमध्ये परत वर बसवला. हे सगळं करताना काचेचा तपकिरी रंगही राखायचा असतो, नाहीतर हिरवी झाडं काचेतून उठून येतात.

३०० रुपये या कामाचे आहेत, भाऊ, आणि काम घेतानाच सांगितले होते. मागचा देखावा बदलण्याचा दर वेगळा, तो तुम्हाला कमीच लावला. उशिराचं म्हणाल तर पहिला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला होता, त्यात काचेच्या कडा फुटत होत्या. मूळ फाइल डॉक्युमेंट करून पाठवा असा निरोप मी त्याच दिवशी दिला. ती हातात आल्यावरच काम सुरू करता आलं.

तरीही डोंगरच हवा असेल तर टाकून देतो, पैसे लागणार नाहीत. फक्त ते खोटं दिसेल, हे आधीच सांगतो. यापुढं प्रिंटला जाण्याआधी गॉगलचा भाग मोठा करून ग्राहकाला दाखवायचं ठरवलं आहे, दराचा कागदही लावू.

आजूबाजूच्या गावांतले लोक आता स्टार पाहूनच दुकान ठरवतात, आणि पुढं लग्नसराई आहे. दुकानात या, मूळ फोटो आणि तयार फोटो शेजारी लावून स्क्रीनवर दाखवतो. त्यानंतर तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा. लग्नाच्या बॅनरचा फोटो मात्र आधीच डॉक्युमेंट करून पाठवा.