यकृताचा तुकडा, फायब्रोस्कॅनचा आकडा आणि फिरता निरोप

“फायब्रोस्कॅन म्हणजे निव्वळ पैसे काढायचं मशीन आहे. लिव्हर किती खराब झालं हे फक्त तुकडा काढूनच कळतं. स्कॅनमध्ये आकडा १० च्या वर आला की लिव्हर सडलं समजा. साध्या रक्ताच्या रिपोर्टवरून लिव्हरचं काहीच कळत नाही. सगळ्यांना पाठवा.”

असा एक निरोप सध्या फिरतोय. फायब्रोस्कॅन म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, आणि तुकडा काढणं म्हणजे बायोप्सी. आधी तुकड्याबद्दल बोलू. बायोप्सीच्या सुईतून निघतो तो तुकडा दोनेक सेंटिमीटर लांब आणि शेवईएवढा जाड असतो. अख्ख्या यकृताच्या मानाने हा साधारण पन्नास हजारावा भाग झाला. यकृतात व्रण धरत जातो, त्याला फायब्रोसिस म्हणतात, आणि तो सगळीकडे सारखा धरत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिपॅटायटिस सीच्या रुग्णांच्या यकृताच्या उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही भागांतून तुकडे घेतले होते. जवळपास एक तृतीयांश रुग्णांत दोन तुकड्यांनी फायब्रोसिसची पायरी वेगवेगळी दाखवली. म्हणजे ज्याला शेवटचा शब्द म्हणायचं, तोही सुई कुठे टोचली यावर बदलतो.

शिवाय बायोप्सीनंतर रक्तस्राव होऊ शकतो. मोठा रक्तस्राव क्वचितच होतो, पण झाला तर बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांतच. नागपुरात राहणाऱ्यासाठी ही एक गोष्ट, आणि संध्याकाळची शेवटची एसटी पकडून झरी किंवा कोरचीच्या आतल्या गावी परतणाऱ्यासाठी दुसरी. रात्री पोट दुखायला लागलं, चक्कर आली, तर तो जाणार कुठे? बायोप्सी लिहिण्याआधी हा प्रश्न मला विचारावाच लागतो.

फायब्रोस्कॅनमध्ये उजव्या बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवून हलकासा ठोका देतात. त्या ठोक्याची लहर यकृतात शिरते आणि ती किती वेगाने गेली हे सोनोग्राफीसारख्याच ध्वनिलहरींनी मोजलं जातं. यकृत जितकं कडक, तितकी लहर वेगवान. हा कडकपणा किलोपास्कलमध्ये छापून येतो. मोजला जाणारा भाग साधारण एक सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर लांब, म्हणजे तुकड्याच्या शंभरेक पट. त्यात टोचणं नाही, भूल नाही.

आता ‘१० च्या वर म्हणजे सडलं’. या एका वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान केलंय. मशीन कडकपणा मोजतं, आणि कडकपणा फक्त व्रणाने येत नाही. पोटभर जेवण झालं की यकृताकडे रक्त वाढतं आणि आकडा चढतो. नुकतीच कावीळ झालेली असेल, एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम रक्तात नेहमीच्या कितीतरी पट वाढलेलं असेल, दारू चालू असेल, पित्ताची नळी अडली असेल किंवा हृदय कमजोर होऊन यकृतात रक्त तुंबलं असेल, तरी आकडा चढतो.

एक उदाहरण सविस्तर देतो. वय ४८, कापूस आणि सोयाबीनची शेती, सहा वर्षांपासून शुगर, दारू नाही. सकाळी पोहे-चहा घेऊन शिबिरात गेला, तिथे स्कॅन झाला आणि आकडा आला ११.६. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन माझ्यासमोर बसला होता. “साहेब, माहं लिव्हर सडलं म्हणते. तुकडा काढा लागते काय?” मी म्हटलं, “भाऊ, आधी कागद तर पाहू द्या.”

कागदावर ११.६ च्या खाली एक ओळ होती, जी कोणीच वाचली नव्हती: IQR/med 38%. स्कॅनमध्ये निदान दहा वेळा मोजतात आणि मधला आकडा देतात. ही ओळ सांगते की ते दहा आकडे आपसात किती विखुरलेत. ती ३० टक्क्यांच्या वर असेल, तर एवढ्या मोठ्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्याच कागदावर CAP 291 असंही होतं. घरच्यांनी तो कडकपणा समजून आणखीच धसका घेतला होता. तो आकडा यकृतातल्या चरबीचा, व्रणाचा नाही.

त्याला आधी रक्ताचा हिशेब करून दाखवला. एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम एसजीओटी ५४, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ८० हजार. एफआयबी-४ नावाचं गणित असं: वयाला एसजीओटीने गुणायचं, मग प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यांनी भागायचं. प्लेटलेट हजारांत धरायच्या, म्हणजे १८०. रिपोर्टवर ‘१.८ लाख’ छापलेलं असतं आणि तेच १.८ टाकलं की उत्तर शंभरपट चुकतं, हे मी अनेकदा पाहिलंय. इथे वर २५९२, खाली १८० गुणिले ८, म्हणजे १४४०. उत्तर १.८. हे १.३ च्या खाली असतं तर मोठ्या फायब्रोसिसची शक्यता फार कमी म्हणून तिथेच थांबलो असतो. २.६७ च्या वर असतं तर लगेच तज्ज्ञाकडे पाठवलं असतं. हा मधे अडकला, आणि अशांसाठीच फायब्रोस्कॅन कामाचा.

म्हणून पुन्हा स्कॅन, यावेळी उपाशीपोटी. निदान तीन तास काही खायचं नाही. आकडा आला ७.२ आणि विखुरणं १४ टक्के. शुगर आणि चरबीच्या यकृतात ८ च्या खालचा आकडा मोठा फायब्रोसिस जवळपास नाकारतो. तुकडा काढायचं कारणच उरलं नाही.

तेव्हा ‘रक्तावरून काही कळत नाही’ हेही खरं नाही. मात्र या गणिताच्या मर्यादा सांगायलाच हव्यात, विशेषतः आपल्याकडे. ३५ च्या आतल्या वयात ते नीट चालत नाही आणि ६५ च्या पुढे १.३ ऐवजी २ ही रेषा धरतात. शिवाय विदर्भात सिकलसेल घराघरांत आहे. त्यात तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं एसजीओटी रक्तात येतं, यकृत ठीक असलं तरीही. आपल्याकडच्या अनेक रुग्णांत प्लीहा मोठी असते, त्यामुळे प्लेटलेट कमी भरतात. वरचा आकडा वाढला, खालचा घटला, की उत्तर उगाच मोठं येतं. क्रायसिस, म्हणजे सिकलसेलच्या दुखण्याचा झटका, चालू असताना फायब्रोस्कॅनचाही आकडा चढतो. सिकलसेलचा पेशंट असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, आणि स्कॅन क्रायसिस पूर्ण ओसरल्यावर करा.

बायोप्सी मोडीत निघाली असं माझं म्हणणं नाही. यकृत किती कडक झालं हे मशीन सांगतं, कशामुळे झालं हे नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्याचा संशय असेल, एखाद्या औषधाने किंवा जडीबुटीने यकृत बिघडल्याचं कोडं सुटत नसेल, किंवा रक्त एक सांगतंय आणि स्कॅन दुसरंच, तिथे तुकडाच लागतो. त्या वेळी घाबरून नाही म्हणू नका, पण ती रात्र दवाखान्याजवळ काढा.

राहिला पैशांचा मुद्दा. फायब्रोस्कॅन जिथे फुकट जातो अशा जागा आहेत. पोटात पाणी झालेल्या माणसावर हे मशीन चालत नाही, कारण ठोक्याची लहर पाण्यातून पुढे जात नाही. त्याला कोणी फायब्रोस्कॅन लिहिला तर का, हे विचारा. दर तीन महिन्यांनी स्कॅन करायलाही अर्थ नाही. व्रण वर्षानुवर्षं धरतो, आणि त्या शेतकऱ्यासारख्या शुगरच्या माणसाने एक ते तीन वर्षांनी रक्ताचं गणित पुन्हा करून घेतलं तरी पुरे.