खाडीतली मगर एका फोटोवरून ‘अ‍ॅलिगेटर’ होत नाही

“कुंभारजुव्याच्या खाडीतले प्राणी मगरी नाहीत, अ‍ॅलिगेटर आहेत. ओळखायची सोपी खूण : मुस्कट ‘यू’सारखे रुंद असेल तर अ‍ॅलिगेटर, ‘व्ही’सारखे निमुळते असेल तर मगर, काठीसारखे असेल तर घडियाल. तोंड मिटल्यावर दात दिसले तर मगर, नाही दिसले तर अ‍ॅलिगेटर. अ‍ॅलिगेटर आणि घडियाल माणसाच्या वाटेला जात नाहीत. खालचे दोन फोटो पाहा, घाबरू नका, पुढे पाठवा.”

हा मजकूर मला माझ्या मावसभावाने पाठवला. ओहोटीच्या वेळी तो गोव्यातल्या याच खाडीत होडी घालून मासे धरायला पाग टाकतो आणि पाणी गुडघ्याएवढे असेल तिथे खुशाल खाली उतरतो. मजकुराखाली त्याने लिहिले होते, “म्हणजे आपण उगाच भीत होतो की!” एरवी असले निरोप मी न वाचताच पुसून टाकतो, पण वाचणारा माणूस उद्या पाण्यात उतरणार असेल तर गप्प बसणे बरे नव्हे.

म्हणून आधी ‘माणसाच्या वाटेला जात नाहीत’ या वाक्याकडे वळू, कारण अपाय तिथे आहे. जगात अ‍ॅलिगेटरच्या दोनच जाती आहेत. एक अमेरिकेच्या आग्नेय भागात राहते आणि दुसरी चीनमध्ये यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात जेमतेम तग धरून आहे. भारतात अ‍ॅलिगेटर दिसतो तो प्राणिसंग्रहालयाच्या किंवा मगर-उद्यानाच्या कुंपणाआड. मोकळ्या नदीत तो कुठेच नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यात, मांडवी-जुवारीच्या काठांवर आणि चोडणच्या कांदळवनात जी जात राहते ती आपली साधी दलदली मगर आहे आणि ती माणसावर हल्ला करते. भारतात तिने माणसे मारल्याच्या नोंदी आहेत. अ‍ॅलिगेटर तरी कुठे निरुपद्रवी आहे? फ्लोरिडात त्याच्या हल्ल्यात माणसे दगावली आहेत. म्हणजे ओळख चुकीची आणि त्या चुकीच्या ओळखीवरून दिलेले आश्वासनही चुकीचे. राहता राहिला घडियाल. तो मुख्यतः मासे खातो आणि माणसाच्या मागे लागत नाही, हे खरे आहे. पण तो चंबळ, गिरवा, गंडक अशा उत्तरेकडच्या नद्यांत आणि ओडिशात महानदीत राहतो. गोव्यातल्या कोळ्याला घडियालाच्या सौम्य स्वभावाचा उपयोग तो काय?

आता ‘यू’ आणि ‘व्ही’. हा नियम फ्लोरिडातून आला आहे आणि तिथे तो बऱ्यापैकी चालतो, कारण तिथे रुंद मुस्कटाच्या अ‍ॅलिगेटरशेजारी अमेरिकन मगर राहते आणि तिचे मुस्कट खरोखरच निमुळते असते. तोच नियम उचलून गोव्यात आणला की तो नेमका उलटा पडतो, कारण खऱ्या मगरींच्या कुळात सर्वांत रुंद मुस्कट आपल्या दलदली मगरीचे आहे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत 1890 साली सरपटणाऱ्या प्राण्यांचा खंड निघाला. त्यात जॉर्ज बुलेंजर यांनी या मगरीच्या मुस्कटाचे माप दिले आहे : बुडाशी जेवढी रुंदी, तिच्या एक पूर्णांक एक तृतीयांश ते दीडपट लांबी. खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरीचे मुस्कट याच मापाने दुपटीच्या आसपास जाते. म्हणजे आपली मगर ‘व्ही’च्या चौकटीत मुळातच बसत नाही आणि हा नियम लावणारा माणूस तिला बहुतेक वेळा अ‍ॅलिगेटर म्हणणार, हे ठरलेलेच आहे.

फोटोत गोष्ट आणखी बिघडते. मुस्कट रुंदीच्या 1.4 पट लांब आहे असे धरा. मगर आपल्याकडे तोंड करून पडली आहे आणि कुणी पुलावरून, समोरून, साधारण 45 अंश खाली बघत फोटो काढला आहे. रुंदी फोटोत पुरी उमटते, पण लांबी तिरकी पडल्यामुळे सुमारे 70 टक्केच उरते. 1.4 चे 70 टक्के म्हणजे जवळपास 1. फोटोत मुस्कट जेवढे लांब तेवढेच रुंद दिसू लागते आणि पाहणारा ठासून ‘यू’ म्हणतो. होडीतून, म्हणजे आणखी खालच्या पातळीवरून, समोरून फोटो काढला तर लांबी याहूनही आखडते. उलट मगर आडवी पडली असेल तर रुंदी मुळीच दिसत नाही आणि तीच मगर निमुळती वाटते. मुस्कटाचे माप घ्यायचे तर फोटो बरोबर वरून काढलेला हवा. डोळ्यांच्या पुढच्या कडांमधून एक आडवी रेघ कल्पायची, तिच्यापासून नाकाच्या टोकापर्यंतची लांबी मोजायची आणि त्याच रेघेवरच्या रुंदीने तिला भागायचे. खाडीकाठी फोनने काढलेल्या फोटोंत असा फोटो क्वचितच सापडतो, म्हणून आकारावरून निकाल देण्याची घाई करू नये.

दातांच्या बाबतीत मात्र, नाखुशीने का होईना, थोडे मान्य करावे लागेल. या खुणेच्या मुळाशी खरी गोष्ट आहे. मजकूर लिहिणाऱ्याने ती अर्धीच उचलली. ‘दात दिसत नाहीत’ हे तर साफ खोटे आहे. या प्राण्यांना ओठ नसतात, त्यामुळे अ‍ॅलिगेटरचेही दात तोंड मिटलेले असताना दिसतात. फरक आहे तो कुठले दात दिसतात आणि त्यांची टोके कुठे वळलेली असतात यात. अ‍ॅलिगेटरचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. तोंड मिटले की खालचे दात आत जातात आणि बाहेर फक्त वरचे, खाली टोके असलेले दात राहतात. मगरीचे दोन्ही जबडे जवळपास सारख्या रुंदीचे असतात, त्यामुळे खाली टोके असलेले आणि वर टोके असलेले दात एकमेकांत गुंतलेले दिसतात.

त्यातही महत्त्वाचा आहे खालच्या जबड्याचा पुढून चौथा दात. तो शेजारच्या दातांपेक्षा मोठा असतो. अ‍ॅलिगेटरमध्ये त्याच्यासाठी वरच्या जबड्यात आतून एक खळगा असतो. तोंड मिटले की दात त्यात जातो आणि दिसेनासा होतो. मगरीमध्ये नाकपुड्यांच्या थोडे मागे वरच्या जबड्याच्या कडेला बाहेरून एक खाच असते आणि हा दात त्या खाचेत उभा राहतो. बाजूने पाहिले तर मुस्कट तिथे कमरेसारखे आत गेलेले दिसते.

माझ्या मते दातापेक्षा ही खाचच अधिक भरवशाची आहे. मगरीचे दात जन्मभर पडतात आणि नवे येतात, मारामारीत तुटतातही. म्हणून फोटोच्या वेळी चौथा दात जागेवर असेलच असे नाही. खाच मात्र हाडाचीच असते, ती कुठे जाणार? शिवाय उन्हात पहुडलेली मगर पुष्कळ वेळा आ वासून पडते. तेव्हा ‘तोंड मिटल्यावर’ ही अटच पुरी होत नाही, पण वरच्या जबड्याची खाच त्याही वेळी दिसते.

मजकुरासोबत जे दोन फोटो फिरत आहेत, त्यांतच याचा पुरावा आहे. पहिल्यात ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर, कांदळाच्या मुळांपाशी एक मगर कॅमेऱ्याकडे तोंड करून आ वासून पडली आहे. खाली लिहिले आहे, ‘यू आकार पाहा’. फोटो समोरून आणि खालच्या पातळीवरून काढलेला आहे, तेव्हा त्यावरून आकार ठरवण्यात अर्थ नाही, आणि तोंड उघडे असल्यामुळे दातांचा नियमही लावता येत नाही. तरीही वरच्या जबड्याकडे नीट पाहावे : नाकाचा उंचवटा संपतो तिथे दोन्ही बाजूंना कड आत जाते आणि मागे पुन्हा फुगते. खाच तीच.

दुसरा फोटो बाजूचा आहे आणि तोंड मिटलेले आहे. त्याखाली ‘दात दिसत नाहीत’ असे लिहिले आहे! फोटो फोनवर थोडा मोठा करून पाहिला की जबड्याच्या कडेवर चिखलाने मळलेली दातांची रांग दिसते, काहींची टोके वर, काहींची खाली. चौथ्या दाताच्या जागी अखंड दात नाही, नुसते बुटके थोटूक आहे. ते पाहून लिहिणाऱ्याने दात नाही असे ठरवले असावे. थोटूक मात्र बरोबर त्या खाचेतच आहे. म्हणजे अ‍ॅलिगेटर म्हणून फिरवलेला हा फोटो मगरीचाच आहे.

बाकीचे मुद्दे भराभर. घडियालाचे मुस्कट खरोखर काठीसारखे असते आणि त्याच्या दोन्ही कडांना बारीक, जवळपास सारख्या उंचीच्या दातांची रांग शेवटपर्यंत जाते. वरून किंवा बाजूने काढलेल्या स्पष्ट फोटोत तो ओळखणे सोपे आहे. नाकावरचा गोळा फक्त वयात आलेल्या नराला असतो, म्हणून गोळा दिसला नाही तर तो घडियाल नव्हे, असे समजू नये. रंगावरून तर काहीच ठरवू नये; चिखलात लोळून आलेल्या प्राण्याचा रंग चिखलाचाच असतो. आणि अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलाच्या बाबतीत दात आणि खाच इतकी लहान असतात की फोनच्या फोटोवरून कुणीच काही ठामपणे सांगू नये.

हा मजकूर फिरतो आहे त्या गटावर कुणीतरी आणखी एक आक्षेप घेतला : मगर गोड्या पाण्यातली, मग खारट कालव्यात ती कशी राहील, तो अ‍ॅलिगेटरच असणार. हाही तर्क उलटा आहे. खऱ्या मगरींच्या जिभेवर जास्तीचे मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. अ‍ॅलिगेटरला तशी सोय नाही, म्हणून तो खारट पाण्यात फार काळ टिकत नाही. भरती-ओहोटीच्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा प्राणी यांतला कुठला असेल, हे यावरूनही कळावे. पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा, म्हणजे ‘मांगे थापणी’, करणाऱ्या काठच्या गावडा समाजाला तो कोण आहे, हे कुणी फोटो पाठवून शिकवायची गरज पडली नाही.

मावसभावाला मी एवढेच लिहिले : पुढच्या वेळी कुणी फोटो पाठवला तर त्याच्याकडून बाजूने काढलेला फोटो माग, नाकाच्या मागे वरच्या जबड्याला खाच आहे का ते पाहा आणि दिसणाऱ्या दातांची टोके दोन्हीकडे वळलेली आहेत की फक्त खाली, ते बघ. खाडीतल्या प्राण्यासाठी मात्र फोटोची वाट पाहू नकोस. तिथे जे दिसेल ते मगर समज आणि पाग होडीतूनच टाक. त्यावर त्याने विचारले, “मग पाठवू नको का कुणाला?” मी लिहिले, ज्यांना पाठवलास त्यांना आधी हे पाठव.